अल्बमच्या जाडीवर व्हिसा मिळत नाही

«ऑस्ट्रेलियाच्या नवरा-बायकोच्या व्हिसाला लग्नाचा अख्खा अल्बम लावा, व्हॉट्सअ‍ॅपची सगळी चॅट छापा, जॉइंट खातं उघडून पाच लाख टाका. फाइल जेवढी जाड, तेवढा व्हिसा पक्का.»

अमळनेरला दिलेल्या माझ्या भाचीनं हे तंतोतंत केलं. जावई मेलबर्नला, ही सासरी. काही महिन्यांनी तिकडून नात्याचे आणखी पुरावे मागणारं पत्र आलं. मग आम्ही दोघांनी बसून ती फाइल पुन्हा लावली.

तिचा अर्ज 309 या वर्गातला. त्यात नातं खरं आहे का, हे ठरवताना तिथल्या नियम 1.15A प्रमाणे चार बाजू पाहतात: पैशाचा व्यवहार, घर चालवणं, चारचौघांतली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. एकाच बाजूचे ढीगभर कागद दिले तरी बाकीच्या तीन रिकाम्याच राहतात.

फोटो होते 240. साखरपुडा, हळद, लग्न, सगळे तीन दिवसांतले. लग्न झालं हे तर नोंदणीचा दाखलाच सांगतो. त्यानंतर काय, हा खरा प्रश्न होता. आम्ही 18 ठेवले. लग्नाचे चारच. बाकीचे श्रावणात जावई कानबाईला आले तेव्हाचे, सासऱ्यांसोबत मळ्यातले, आखाजीला ती माहेरी असताना त्यांनी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांशी बोलल्याचा स्क्रीनशॉट. प्रत्येकाखाली तारीख, गाव आणि सोबत कोण हे एका ओळीत. साधे मोबाइलवरचे फोटो चालतात, पण प्रसंग आणि माणसं वेगवेगळी हवीत.

चॅटची 180 पानं अहिराणीत होती. तपासणाऱ्यानं ती वाचायची कशी? इंग्रजीत नसलेल्या कागदासोबत भाषांतर द्यावं लागतं. भारतात करून घेतलं, तर भाषांतरकारानं त्यावर आपलं नाव, पत्ता, फोन आणि त्या भाषेतली पात्रता व अनुभव इंग्रजीत लिहायचा असतो. सगळ्या गप्पांचं भाषांतर करण्यात काही अर्थ नव्हता. आम्ही दर महिन्याची एक-दोन पानं निवडली: सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तो दिवस, तिकडे घर बदलताना झालेली चर्चा, एकदा झालेलं भांडणसुद्धा. ‘गुड मॉर्निंग’चे फुलांचे फोटो काढून टाकले. कॉलची यादी मात्र महिनावार पूर्ण लावली. त्यात भाषेची अडचण नाही आणि संपर्क मध्येच तुटला नाही हे तारखांवरूनच कळतं.

सगळ्यात मोठी चूक पैशाची होती. अर्ज करण्याच्या आठवड्यात जावयांच्या एनआरई, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या इथल्या बँक खात्यात हिचं नाव जोडलं आणि पाच लाख भरले. एनआरई खात्यात भारतात राहणाऱ्या बायकोचं नाव जोडता येतं, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ या अटीवर. म्हणजे मूळ खातेदार हयात असेपर्यंत ती मुखत्यारपत्राशिवाय ते चालवू शकत नाही. साहजिकच विवरणात एकही व्यवहार तिचा नव्हता. एक मोठी रक्कम येते आणि तशीच पडून राहते, यातून संसार दिसत नाही.

संसार दिसत होता दुसऱ्याच कागदांत, आणि ते कोणी मागितलेच नव्हते. फेब्रुवारीपासून जावई दरमहा तिच्या साध्या बचत खात्यात 15,000 रुपये पाठवत होते. त्याच खात्यातून घरचं वीजबिल, सासूबाईंच्या ऑपरेशनचे पैसे आणि तिच्या इंग्रजीच्या क्लासची फी गेली होती. आम्ही दोन्हीकडची विवरणं शेजारी ठेवून त्या नोंदींवर खुणा केल्या आणि पावत्या जोडल्या. विम्याच्या पॉलिसीत त्यांनी वारस म्हणून आईऐवजी हिचं नाव लावलं होतं. तो कागदही घातला. पैसा येतो, दोघांच्या घरासाठी खर्च होतो आणि हे महिनोन्‌महिने चालतं, इतकं त्यातून दिसायला हवं.

घराच्या बाजूला तिनं आधी काहीच दिलं नव्हतं, कारण ‘आम्ही एकत्र राहतच नाही’. पण ती नवऱ्याच्या घरी राहते, त्याच्या आईवडिलांचं पाहते. आधारवर सासरचा पत्ता होता, रेशनकार्डात नाव चढलं होतं. दोघं वेगळे का राहतात आणि पुढे कुठे राहायचं ठरलंय, हे तिनं निवेदनात लिहिलं.

दोघांच्या निवेदनांतच आणखी एक खोट सापडली. साखरपुड्याचा महिना तिनं ऑक्टोबर लिहिला होता, जावयांनी नोव्हेंबर. फोटोवरची तारीख ऑक्टोबरची निघाली. चूक कबूल करून त्यांनी दुरुस्तीचं पत्र दिलं. याच सुमारास एका ओळखीच्यानं मेलबर्नच्या घराचा दोघांच्या नावाचा मागच्या तारखेचा भाडेकरार करून देतो म्हटलं. मी भाचीला स्पष्ट नाही म्हणालो. खोटा कागद पकडला गेला तर सार्वजनिक हित निकष 4020 खाली अर्ज नाकारतात आणि पुढची तीन वर्षं तोच निकष आडवा येतो. आधीच्या अडीचशेवर पानांच्या जागी आमची नवी फाइल 64 पानांची झाली.