गच्चीवरील फोम काँक्रीटबाबत खुलासा

"फोम काँक्रीटचा थर टाकला की उतार होतो, उष्णता अडते आणि वेगळे वॉटरप्रूफिंग लागत नाही."

इंदूरच्या मराठी गटांत फिरणाऱ्या या संदेशाचा शेवटचा भाग चुकीचा असून पावसाळ्याच्या तोंडावर तो नुकसानकारक ठरेल. फोम काँक्रीट म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे मिसळलेले हलके काँक्रीट; उष्णता अडते ती थरातल्या या कोरड्या हवेमुळे. पाणी मुरले की तोच थर जड होतो आणि उष्णता आत सोडू लागतो. सुकवलेला तुकडा तोलून, रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा तोलल्यास शोषलेले पाणी वजनातच दिसते.

गच्चीचे पाणी बाहेर जाते त्या नाळीपाशी थराची ५० मिलिमीटर जाडी व शंभरास एक उतार धरल्यास पाच मीटरवर ती १०० मिलिमीटर होते. म्हणजे नाळीजवळ उष्णतारोधनही निम्म्याच जाडीचे मिळते. त्यामुळे किमान जाडी तिथेच ठरवावी आणि थर सुकल्यावर वर वॉटरप्रूफिंग करावेच. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.