हुंडा दिला म्हणजे वाटा दिला का?

आमचा कट्टा लातूरला बसस्टँडच्या मागच्या चहाच्या टपरीजवळ भरतो. परवा मास्तर आले ते गप्पच होते. त्यांच्या मुलीला स्थळ आलंय. मुलगी एमएस्सी झालेली, मुलगा सरकारी नोकरीत.

"हुंडा नको म्हणालेत," मास्तर म्हणाले. "लग्न तेवढं चांगलं करून द्या म्हणतात. अन् पोराला ड्युटीवर जायला गाडी लागते."

"म्हणजे घेतलाच की!" वकील चहाचा ग्लास ठेवत म्हणाला. "लग्नाच्या निमित्तानं मागितलेली कुठलीही मौल्यवान वस्तू 1961 च्या कायद्यात हुंडाच धरली जाते, मग ती रोख असो की गाडी. नुसती मागणी हाही गुन्हा आहे."

आबाला हे पटलं नाही. "अरे, पोरगी एवढी शिकलेली. तिच्या शिक्षणाचा मान ठेवून हुंडा कमी नको व्हायला?"

इथं मी मध्ये पडलो, कारण हा हिशोब मी घरात पाहिलाय. शिक्षणानं हुंडा कमी होत नाही, बहुतेक वेळा वाढतो. बारावी झालेल्या पोरीला शेती करणारा मुलगा चालतो, पण एमएस्सी झालेलीला तिच्याहून जास्त शिकलेला, पगारदार मुलगा बघतात. तसली पोरं थोडी, म्हणून त्यांचा भाव चढा. आज शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही आणि नोकरीवाल्याला हुंडा मिळतो, या दोन गोष्टी एकाच बाजारातल्या आहेत. बैठकीत पोरीची किंमत कुणी करत नाही, किंमत होते नवऱ्याची. बाप मात्र तो आकडा पोरीच्या खात्यावर मांडतो. मग तिला कॉलेजात घालतानाच त्याच्या मनात येतं, शिकवायचा खर्चही माझाच आणि शिकवल्यामुळं वाढलेला हुंडाही माझाच. पोरीचं शिक्षण बारावीवर थांबतं ते या हिशोबानं.

2017 साली आपल्याच जिल्ह्यात, भिसे वाघोलीत, एका 21 वर्षांच्या मुलीनं जीव दिला. वडिलांची परिस्थिती बेताची, हुंड्यापायी लग्न अडलेलं, त्यांच्यावरचा भार कमी व्हावा, असं तिनं चिठ्ठीत लिहिलं होतं. बापाच्या वहीतला खर्चाचा आकडा ती स्वतःची किंमत म्हणून वाचत होती. ते आठवलं की मला आजही घास गिळवत नाही.

"पण द्यायलाच लागतं ना काहीतरी," आबा म्हणाला. "पोरीला जमिनीत वाटा देत नाही आपण. हुंडा म्हणजे तिचा वाटाच."

हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून ऐकलंय. बहिणीच्या लग्नाची यादी माझ्याच अक्षरात आहे. रोख आठ लाख, पाच तोळे सोनं, मानपान, बस्ता, मंडप-जेवण चार लाख. वकिलानं ती मांडायला लावली. रोख गेली सासऱ्याकडं, तिच्यातून त्यांनी घराच्या वरच्या मजल्याचं काम काढलं. चार लाख एका दिवसात जेवून झाले. बहिणीच्या अंगावर उरलं पाच तोळे सोनं, त्यातलं दोन तोळे दिराच्या लग्नात मोडलं.

"कायद्यानं घेतलेला हुंडासुद्धा तिचाच," वकील म्हणाला. "लग्नाआधी दुसऱ्या कुणी घेतला असेल तर लग्नापासून तीन महिन्यांत तिच्या हवाली करायला लागतो. किती जणींना मिळाला?"

कुणीच बोललं नाही.

आता दुसरी बाजू. वडिलांनी स्वतः घेतलेली सहा एकर कोरडवाहू. मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे आई, मी आणि बहीण, तिघांना दोन-दोन एकर. आमच्याकडं एकरी बारा लाख धरले तरी तिचा वाटा चोवीस लाखांचा. वडील गेल्यावर वारस नोंद झाली आणि दुसऱ्या महिन्यात मी तिला निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती नको म्हणाली नाही. "दादा, माहेर तुटायला नको," एवढंच म्हणाली. सही करताना तिचं पोरगं कडेवर होतं, म्हणून कागद मी धरला होता.

"जमीन दिली तर जावयाच्या घरात जाईल," आबा.

"सातबाऱ्यावर नाव कुणाचं असणार? तिचं. आणि आठ लाख कुणाच्या घरात गेले?" मास्तर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. मग हळू आवाजात म्हणाले, "गाडीच्या पैशात तिच्या नावावर एक प्लॉट येतो. त्यांना तसं सांगितलं तर स्थळ मोडेल."

"मोडू दे," वकील म्हणाला. मास्तर काही बोलले नाहीत.

निघताना मी वकिलाला बाजूला घेतलं. हक्कसोडपत्र झालंय, आता ते दोन एकर परत तिच्या नावे करायचे तर काय करायचं, विचारलं. बक्षीसपत्र करावं लागेल म्हणाला, मोजणीसह. सोमवारी सातबारा घेऊन ये म्हणाला.