पोस्टफिक्समधली वजाबाकी आणि abs() चं ठिगळ

> पोस्टफिक्सची सोपी ट्रिक 👇
> १) स्टॅकमधून पहिल्यांदा पॉप होतो तो डावीकडचा आकडा, नंतर पॉप होतो तो उजवीकडचा.
> २) उत्तर मायनसमध्ये आलं तर घाबरू नका, abs() लावा.
> ३) बेरीज-गुणाकार बरोबर आले की प्रोग्राम बरोबर समजायचा.
> ४) वेळ वाचवायला एकाच ओळीत लिहा: push(pop() - pop())
> सेकंड इयरच्या सगळ्यांना पाठवा.

हा मेसेज प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री माझ्या भाचीच्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि तासाभरात नागपूरच्या आणखी दोन कॉलेजांच्या ग्रुपवर पोहोचला. मी तिला म्हटलं, हे चूक आहे. तर म्हणाली, "मावशी, सगळे हेच पाठ करून राहिले ना. चूक असतं तर कोणीतरी बोललं असतं." कोणी बोललेलं नाही, म्हणून मी बोलते. आणि जरा चिडूनच बोलते, कारण पहिल्या सूचनेने जी चूक होते ती दुसरी सूचना झाकून टाकते. नुसती चूक असती तर पोरांना ती सापडली तरी असती.

आधी पहिला मुद्दा. `8 3 -` घ्या. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. ८ दिसला, पुश केला. ३ दिसला, पुश केला, तो ८ च्या वर बसला. मग `-` आलं. आता पहिला पॉप केला की हातात येतो ३, कारण तो सगळ्यात शेवटी आत गेला होता. दुसरा पॉप केला की ८. इन्फिक्सचं पोस्टफिक्स करताना फक्त चिन्हं जागा बदलतात. आकड्यांचा आपसातला क्रम जसाच्या तसा राहतो. म्हणजे `8 - 3` मध्ये ८ आधी होता, `8 3 -` मध्येही तोच आधी आहे. आधी लिहिलेला आधी आत गेला, म्हणून तो स्टॅकमध्ये खाली आहे, आणि तोच डावा. वरचा उजवा. वजाबाकी करायची ती दुसऱ्यांदा निघालेल्यातून पहिल्यांदा निघालेला वजा करून.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. लिनक्सवर `dc` नावाचा कॅल्क्युलेटर आहे. युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामांपैकी, सी भाषेच्याही आधीचा, आणि तो पोस्टफिक्सच खातो. त्याच्या मॅन्युअलमध्ये `-` बद्दल स्वच्छ लिहिलंय की दोन आकडे पॉप होतात आणि पहिल्यांदा पॉप झालेला दुसऱ्यांदा पॉप झालेल्यातून वजा होतो. `man dc` टाकून वाचा. लॅबच्या मशीनवर हे चालवून बघा:

```
echo "8 3 - p" | dc
```

५ येतं. मेसेजच्या नियमाने ३ मधून ८ जातात आणि उणे ५ येतं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनात नसलं तरी. हा नियम एका ठिकाणी खरा आहे: प्रीफिक्समध्ये. `- 8 3` सोडवताना आपण उजवीकडून डावीकडे वाचतो. आधी ३ आत जातो, मग त्याच्यावर ८, मग चिन्ह येतं. तिथे पहिला पॉप ८ चा होतो आणि तो खरोखरच डावा असतो. बहुतेक नोट्समध्ये प्रीफिक्स आणि पोस्टफिक्स पाठोपाठच असतात, तिथूनच कोणीतरी हे उचललं असावं. पण त्याने वाचायची दिशा सोडून दिली आणि पॉपचा नियम तेवढा घेतला. दिशा उलटली की आत जाण्याचा क्रम उलटतो, आणि वर कोण बसलंय तेही बदलतं. नियम दिशेसकट पाठ करायचा असतो.

आता abs(). माझा खरा राग इथे आहे.

ज्याने हे लिहिलं त्याने बहुधा `8 3 -` चालवून बघितलं असणार, उणे ५ आलं असणार, आणि चिन्ह काढलं की जमतं असं त्याला वाटलं असणार. एकच वजाबाकी असेल आणि डावा आकडा मोठा असेल तर जमतं खरं. पण दोन वजाबाक्या एकापाठोपाठ आल्या की काय होतं ते बघा. समजा कळमना मार्केटमध्ये एका गाळ्यावर संत्र्यांचे ९ क्रेट आले. ४ विकले, २ सडले म्हणून बाजूला काढले. उरले किती? `9 4 - 2 -`, म्हणजे ३.

मेसेजच्या नियमाने हेच सोडवू. ९ आत, ४ आत. पहिलं `-` आलं. पहिला पॉप ४, तो डावा मानला. दुसरा पॉप ९, तो उजवा मानला. ४ वजा ९, उणे ५. ते परत स्टॅकवर. मग २ आत गेला, त्या उणे ५ च्या वर. दुसरं `-` आलं. पहिला पॉप २, दुसरा पॉप उणे ५. २ वजा उणे ५, म्हणजे ७.

स्क्रीनवर ७ दिसतं. मायनस नाही, काही खटकण्यासारखं नाही. abs() लावा की न लावा, ७ चे ७ च. नऊ क्रेट होते आणि सात उरले, हे उत्तर बघणाऱ्याला पटण्यासारखंसुद्धा आहे. हा ७ आला कुठून ते नीट पाहा: उलटसुलट होऊन हिशोब प्रत्यक्षात ९ वजा ४ अधिक २ असा झालाय. सडलेले दोन क्रेट मालात परत जमा झाले! उलटी वजाबाकी म्हणजे फक्त चिन्ह बदलणं, हा समजच मुळात चुकीचा आहे. पहिल्या वजाबाकीचं चिन्ह पालटतं आणि ते पालटलेलं उत्तर दुसऱ्या वजाबाकीत चुकीच्या बाजूला जाऊन बसतं. पुढे काय निघेल ते एक्स्प्रेशनवर अवलंबून, शेवटी चिन्ह पुसून ते परत मिळत नाही.

भाचीच्या एका मैत्रिणीने यावर उपाय सांगितला की abs() शेवटी न लावता प्रत्येक वजाबाकीनंतर लावायचं. वरच्या उदाहरणात तसं केलं तर ५ येतो, मग ३ येतो, उत्तर बरोबर. पण ते नशिबाने, कारण इथे दोन्ही वेळा मोठ्यातून लहान जात होता. `10 2 3 - -` घ्या. याचा अर्थ १० वजा (२ वजा ३), म्हणजे १० वजा उणे १, म्हणजे ११. मेसेजच्या पद्धतीने ३ वजा २ होऊन १ येतो, मग १ वजा १० होऊन उणे ९. abs() शेवटी लावा नाहीतर पायरीपायरीला लावा, ९ च येणार. अकरा कुठूनच येत नाही.

आणि मायनस आलं की घाबरायचं कशाला? मायनस हे उत्तर असू शकतं. आठशेला घेतलेला क्रेट तीनशेला गेला तर `300 800 -` चं खरं उत्तर उणे ५०० आहे. abs() लावणारा प्रोग्राम त्याला ५०० चा नफा दाखवेल. बरोबर क्रमाने लिहिलेल्या कोडलासुद्धा abs() जोडलं की तो चुकीचा होतो. म्हणून ही ओळ कुठेच नको. आधीच टाकली असेल तर आधी ती काढा, मग चूक शोधा. ती असेपर्यंत चूक दिसणारच नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. बेरीज आणि गुणाकारात दोन आकड्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच राहतं, त्यामुळे पॉपचा क्रम तपासायला ही दोन्ही चिन्हं निरुपयोगी आहेत. `5 5 -` सुद्धा निरुपयोगी, दोन्ही क्रमांनी शून्यच. भागाकार मात्र लगेच बोलतो. सी मध्ये पूर्णांकांचा `8 2 /` उलटा झाला तर २ भागिले ८, म्हणजे ४ च्या जागी ०. `0 5 /` उलटा झाला तर शून्याने भागायची वेळ येते आणि प्रोग्राम सहसा तिथेच कोसळतो. घातांक असेल तर `2 3 ^` चे ८ यायच्या जागी ९ येतात. यातल्या कुठल्याच ठिकाणी abs() काही करू शकत नाही.

राहिली ती एक ओळ. जावा आणि पायथनमध्ये वजाबाकीची डावी बाजू आधी चालते. म्हणजे `pop() - pop()` मध्ये डावीकडच्या पॉपला वरचा आकडा मिळतो, उजवीकडच्याला खालचा, आणि वजाबाकी दर वेळी उलटीच होते. निदान दर वेळी होते, त्यामुळे सापडते तरी. सी मध्ये याहून वाईट आहे. दोन पॉपपैकी आधी कुठला चालवायचा हे सी च्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही, ते कंपायलरवर सोडलंय. तोच कोड एका मशीनवर ५ देऊ शकतो आणि दुसऱ्यावर उणे ५, आणि दोन्ही कंपायलर नियमात बसतात. तेव्हा "माझ्या लॅपटॉपवर बरोबर येऊन राहिलं" याला इथे काही अर्थ नाही. तुमच्या कंपायलरने एक क्रम निवडला, लॅबमधला दुसरा निवडू शकतो.

क्रम आपल्या हातात ठेवायचा तर पहिला पॉप आधी वेगळ्या ओळीत घेऊन ठेवायचा:

```c
int b = pop();   /* वरचा, उजवा */
int a = pop();   /* खालचा, डावा */
push(a - b);
```

ओळ वाचवायचीच असेल तर `int b = pop();` आणि त्याच्या खाली `push(pop() - b);` एवढ्यावर भागतं. b आधीच ठरलेला असतो, उरलेला पॉप एकच, त्यामुळे कंपायलरला निवडायला काही राहत नाही. भागाकार, बाकी आणि घातांक यांनाही हाच क्रम.

सबमिट करण्याआधी तीन एक्स्प्रेशनं चालवा: `8 3 -`, `9 4 - 2 -` आणि `10 2 3 - -`. उत्तरं ५, ३ आणि ११ यायला हवीत. उणे ५, ७ आणि उणे ९ आली तर पॉप उलटे झालेत. ५, ७ आणि ९ आली तर पॉप उलटे आहेतच, शिवाय शेवटी कुठेतरी abs() बसलंय. आणि ५, ३, ९ आली तर ते abs() प्रत्येक वजाबाकीच्या मागे लावलेलं आहे.