परावर्तनं असलेले नॉर्मल सबग्रुपही आहेत

दावा असा: «a² = b² = 1 एवढ्याच अटींवर a आणि b पासून बनलेल्या D∞ मध्ये सान्त इंडेक्सचे सगळे नॉर्मल सबग्रुप ab च्या घातांचेच असतात, त्यांत एकही परावर्तन नसतं. म्हणून दर सम इंडेक्सला एकच नॉर्मल सबग्रुप मिळतो, आणि विषम इंडेक्सचा सबग्रुप D∞ स्वतः सोडला तर नसतोच.»

आधी परावर्तनांचं पाहू, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. संख्यारेषा घ्या. a म्हणजे 0 भोवती उलटवणं, x → −x. b म्हणजे 1 भोवती, x → 2 − x. मग ab ने रेषा 2 ने डावीकडे सरकते, ba ने उजवीकडे. या ग्रुपात प्रत्येक पूर्णांकाभोवतीचं परावर्तन येतं: समांभोवतीची a च्या कुळातली, विषमांभोवतीची b च्या.

आता N हा नॉर्मल सबग्रुप आहे आणि त्यात a आहे असं धरा. मग bab सुद्धा N मध्ये हवा. तो x → 4 − x, म्हणजे 2 भोवतीचं परावर्तन. असंच पुढे गेलं की सगळ्या समांभोवतीची परावर्तनं N मध्ये येतात आणि त्यांच्या गुणाकारांतून 4 च्या पटीतली सरकणी. एवढ्यावर सबग्रुप पूर्ण होतो. ज्या शब्दांत b सम वेळा येतो, नेमके तेच यात आहेत, त्यामुळे इंडेक्स 2. तो नॉर्मल आहे, त्यात परावर्तनं आहेत, आणि रचनेने तो पुन्हा D∞ च आहे! b घेऊन सुरुवात केली तर दुसरा असाच मिळतो. दोन्ही कुळं घेतली तर अख्खा ग्रुप. परावर्तन असलेला चौथा नॉर्मल सबग्रुप उरतच नाही.

म्हणजे इंडेक्स 2 ला एक नव्हे, तीन: हे दोन आणि ⟨ab⟩. दाव्यातलं खरं ते 4 पासून पुढे: परावर्तन नसलेला सबग्रुप फक्त सरकण्यांचा, म्हणून ⟨(ab)ⁿ⟩. a(ab)a = ba = (ab)⁻¹ असल्यामुळे तो नॉर्मल, आणि त्याचा इंडेक्स 2n. इंडेक्स 4 ला ⟨(ab)²⟩, 6 ला ⟨(ab)³⟩, प्रत्येकी एकच.

विषम इंडेक्सबद्दल मात्र दावा साफ चुकीचा आहे. a आणि (ab)³ घ्या. सरकणी 6 च्या पटीत, परावर्तनं 3 च्या पटींभोवती, इंडेक्स 3. b ने कॉन्जुगेट केलं की a चा bab होतो. त्याचं केंद्र 2, आणि 2 काही 3 च्या पटीत नाही. सबग्रुप आहे, पण नॉर्मल नाही. याचे कॉन्जुगेट तीन, केंद्रांची 3 ने भागून बाकी 0, 1 किंवा 2 असलेले. नॉर्मल असता तर भागग्रुपात 3 घटक असते. तिथे a आणि b च्या प्रतिमांचा वर्ग 1, म्हणून विषम ऑर्डरमध्ये दोन्ही प्रतिमा 1 च व्हायला हव्यात, आणि मग भागग्रुपात एकच घटक राहतो. 5, 7 किंवा कुठल्याही मोठ्या विषम इंडेक्सला हेच कारण जसंच्या तसं लागू पडतं.