वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या

आमच्या दादरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे कुटुंब रात्री साडेअकराला जेवते. मुलगा उशिराच्या लोकलने घरी पोहोचतो, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पण जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या मागे ओढल्या की तो आवाज थेट माझ्या उशीत उतरतो. हवेतून येणारा आवाज खिडकी लावून अडवता येतो. लाद्यांवर घासणारा लोखंडी पाय मात्र स्लॅबच हलवतो, आणि ज्यांच्या घरात तो घासतो त्यांना तो फारसा जाणवतही नाही. म्हणून "तुमचा आवाज येतो" असे मोघम सांगण्यात अर्थ नसतो. कोणता आवाज, कोणत्या खोलीतून आणि किती वाजता, हे सांगावे लागते.

तेही मध्यरात्री तावातावाने नव्हे, तर रविवारी सकाळी, म्हणून मी वर गेलो. दार काकूंनी उघडले.

"काकू, रात्री अकरानंतर खुर्च्या ओढल्याचा आवाज आमच्या बेडरूममध्ये येतो. त्याने झोपमोड होते."

"झोप लागत नाही? अरे, मग दुधात जायफळ उगाळून घे."

"झोप लागते काकू, पण आवाजाने मोडते."

"मोडणारच. या वयात पित्त वाढतं. जेवतोस किती वाजता?"

माझ्या जेवणाची वेळ, माझा रक्तदाब आणि माझ्या आईची तब्येत या क्रमाने चौकशी आटोपल्यावर मी त्यांच्या मुलाला खाली माझ्या बेडरूममध्ये आणले आणि काकूंना वर खुर्ची ओढायला सांगितली. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, कारण पाहुण्यांसमोर असावे तशा अदबीने त्यांनी ती उचलून ठेवली होती. मग खिडकीतून त्यांची हाक आली, "आला का रे आवाज?" तो मात्र तळमजल्यापर्यंत गेला. शेवटी मुलाने फोनवरून "आई, रोजच्यासारखी ओढ" असे सांगितले, खुर्ची करकरली आणि तो बिचारा ओशाळला.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्र दहा ते सहा धरली आहे आणि निवासी भागाला रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण खुर्चीसाठी कायदा काढला, तर पुढची वीस वर्षे लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहावे लागते. म्हणून मी दोनच गोष्टी मागितल्या: दहानंतर खुर्ची उचलून सरकवावी आणि तिच्या पायांना रबरी बूट बसवावेत. बूट घेताना पायाची जाडी मोजावी लागते, कारण सैल बूट घसरून निघतो. मुलगा घरी नसतो आणि काकूंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चोवीस पाय मीच मोजले, बूट मीच आणले आणि पैशांचा विषय कोणीच काढला नाही.

रात्री आता शांतता असते. पण एका खुर्चीच्या पायाची कड धारदार असल्याने बूट आतून फाटतो आणि तेवढी एकच खुर्ची पुन्हा करकरते. गेल्या आठवड्यात मी तसे कळवल्यावर काकू म्हणाल्या, "खिडकीजवळची ना? मग येताना एक जास्तच आण."