मामांचे पाच टक्के कुणी खाल्ले?

बेळगावच्या शहापुरात आमच्या मामांचं साड्यांचं दुकान आहे. दुकानावर 'एकच भाव' अशी पाटी आहे आणि मामा त्या पाटीला जागतात. चंदगडहून आलेली बाई असो, गोव्याहून आलेलं वऱ्हाड असो, नाहीतर गोकाकहून येऊन 'स्वल्प कडिमी माडरी' म्हणणारी अक्का असो, मामा हसून चहा पाजतात आणि भाव तोच सांगतात. भाव ठरवायची त्यांची रीतही एकच. माल घरात येऊन पडला त्या किमतीवर पंचवीस टक्के. चाळीस वर्षं झाली, ना टक्का वाढला ना घटला.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेब लिहितो. बीड किती वितळलं आणि किती कास्टिंग फुकट गेली याचा हिशेब जमतो म्हणजे साड्यांचाही जमणार, अशी आमच्या घराण्याची समजूत आहे. त्यामुळं वर्षअखेरीला मामांचा फोन येतो, आणि तो जेवायला बोलावण्यासाठी नसतो.

त्या वर्षीचा फोन मात्र वेगळा होता. मामा फोनवर कुजबुजत होते. म्हणजे काहीतरी चोरीला गेलं असणार.

"अरे, करसल्लागार म्हणतोय, आपला ढोबळ नफा वीस टक्के. मी लावतो पंचवीस. मग पाच टक्के कुणी खाल्ले?"

चाळीस लाखांच्या विक्रीवर पाच टक्के म्हणजे दोन लाख. मी दुकानात पोचलो तोवर तपास बराच पुढं गेला होता. पहिला संशयित होता काउंटरवरचा पोरगा, कारण त्यानं नवा मोबाइल घेतला होता. दुसरा मामेभाऊ, कारण तो हुबळीहून बीबीए करून आला होता आणि तेव्हापासून बापाशी इंग्रजीत बोलत होता. मामी संशयितांत नव्हत्या, पण गल्ल्यातून भाजीला पैसे नेल्याची नोंद ठेवायला त्यांनी त्याच दिवशी वही केली आणि ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

मी आधी माल मोजायला घेतला. वर्षाच्या सुरुवातीला दुकानात चौदा लाखांचा माल होता, वर्षभरात तेहतीस लाखांची खरेदी झाली आणि अखेरीला पंधरा लाखांचा माल शिल्लक राहिला. चौदा आणि तेहतीस सत्तेचाळीस, त्यातून पंधरा वजा. म्हणजे बत्तीस लाखांचा माल दुकानातून बाहेर गेला. विक्री चाळीस लाख. नफा आठ लाख.

"मामा, बत्तीसचे पंचवीस टक्के किती?"

"आठ."

"मग आठच आहेत की. कुणी काही खाल्लेलं नाही."

"मग तो वीस का म्हणतोय?"

"तो आठ लाखांना चाळीस लाखांनी भागतोय. तुम्ही बत्तीसनी भागताय. तुम्ही टक्के खरेदीवर धरता, तो विक्रीवर."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मीही संशयितांच्या यादीत गेलो.

खरी चोरी झाली असती तर ती कशी दिसली असती, हेही सांगायला हवं होतं. नाहीतर पोराची नोकरी त्या मोबाइलपायी जाणार होती. बत्तीस लाखांचा माल गेलाय, त्याची सव्वापट चाळीस लाख. तेवढी विक्री बिलांत दिसतेय म्हणजे सगळं जागेवर आहे. माल बत्तीसचा गेला असता आणि विक्री अडतीसच दिसली असती, तर मात्र दोन लाख शोधायला निघायचं. मामांना हे पटलं, पण अर्धवट. बत्तीस, अडतीस हे त्यांना कळत होतं. एकाच नफ्याला दोन टक्के कसे, हे कळत नव्हतं. नफा तोच, दुकान तेच, मग एकानं पंचवीस म्हणायचं आणि दुसऱ्यानं वीस, यात कुणीतरी लबाड असणारच, असं त्यांचं म्हणणं.

मामेभावानं कागदावर सूत्र लिहून दाखवलं. मामांनी त्या कागदाची घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवली. सूत्राची तिथंच अखेर झाली.

शेवटी उपयोगी पडली ती मामांची मराठी शाळा. त्या पिढीनं पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी सगळं ओरडून पाठ केलेलं. मी म्हटलं, "मामा, साडी तुम्हाला चार पावल्यांना पडली. चाराची सव्वापट?"

"पाच," मामा म्हणाले. विचार न करता.

"गिऱ्हाइकानं पाच पावल्या दिल्या. त्यातल्या चार मालाच्या गेल्या. तुमच्या हातात?"

"एक."

"चारावर एक म्हणजे पाव. पण आलेल्या पाच पावल्यांत एक म्हणजे?"

मामा थांबले. मग खुर्चीत सरळ बसले. "पाचवा हिस्सा. वीस टक्के."

त्यानंतर मला बोलू दिलं नाही. दीडपट लावली तर? खरेदीचे दोन अर्धे, नफ्याचा एक, म्हणजे विक्रीत तिसरा हिस्सा. दुप्पट लावली तर विक्रीत निम्मा. तिसरा हिस्सा वर चढवला तर विक्रीत चौथा. "म्हणजे खालचा आकडा एकानं वाढवायचा! खरेदीवर चौथा, तर विक्रीत पाचवा. आणि उलट यायचं तर एकानं कमी करायचा. विक्रीत चौथा हिस्सा पायजे तर खरेदीवर तिसरा लावायचा." माझ्या मते कुठल्याही बीबीएच्या पुस्तकात हे याहून बरं सांगितलेलं नसेल. अर्थात मी बीबीएचं पुस्तक वाचलेलं नाही.

"मग विक्रीवर शंभर टक्के नफा पायजे तर काय लावायचं?" मामांचा उत्साह.

"तो फक्त आहेरात आलेल्या साडीवर मिळतो, मामा. खरेदी शून्य असेल तरच."

मामींनी आतून विचारलं, कपाटातल्या तसल्या किती आहेत ते सांगू का.

इथं प्रकरण मिटायला हवं होतं. पण दसरा जवळ आला आणि मामेभावानं ठरवलं की या वर्षी सूट लावायची. वीस टक्के. 'एकच भाव' पाटीच्या बरोबर खाली. फलकाचा मसुदा झाला. इथं फलकावर साठ टक्के कन्नड असावं लागतं, त्यामुळं रंगाऱ्यानं टेपानं मापं घेतली. मला ते फार आवडलं. साठ टक्के कशाचे, यावर कुणाचंही भांडण नव्हतं. फलकाचे. पुढचे वीस टक्के कशाचे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मामा निर्धास्त होते. "पंचवीस लावलेत, वीस सोडले, पाच तर राहतात. दसऱ्याचा गल्ला मोठा, पाचातसुद्धा भागतं."

मी एक साडी काढून घेतली. विणकराकडचं बिल अकराशे चाळीस. त्यावर पाच टक्के जीएसटी सत्तावन्न. मामा जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या सोप्या योजनेत आहेत, त्यामुळं हा कर परत मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा घेताही येत नाही. तो खरेदीतच धरायचा. हमाली-टेंपो तीन रुपये. पडली बाराशेला. मामांची सव्वापट, पंधराशे. पंधराशेवर वीस टक्के सूट म्हणजे तीनशे. राहिले बाराशे.

"पाच टक्के कुठं गेले?" मामांनी पुन्हा काउंटरवरच्या पोराकडं बघितलं. बिचाऱ्यानं मोबाइल खिशात टाकला.

पाच टक्के कधी नव्हतेच. चढवले बाराशेवर, सोडले पंधराशेवर. पाव चढवून पाचवा हिस्सा सोडला की माणूस बरोबर निघाला तिथं येतो. त्यातही कंपोझिशनचा एक टक्का विक्रीवर असतो, नफा होवो न होवो. म्हणजे बाराशेवर बारा रुपये खिशातून. दिवसभर साड्या उलगडायच्या, घड्या घालायच्या, चहा पाजायचा आणि दर साडीमागं बारा रुपये द्यायचे.

"मग सगळं मिळवून लावू," मामा म्हणाले. "सणाला आपले पंधरा पुरेत, वीस सोडायचे, एक सरकारचा. छत्तीस टक्के." बाराशेवर छत्तीस टक्के म्हणजे सोळाशे बत्तीस. सूट दिल्यावर तेराशे सहा. कर तेरा. हातात त्र्याण्णव रुपये. विक्रीच्या सात टक्के, पंधराच्या निम्मेसुद्धा नाहीत. हे टक्के एकमेकांत मिळवताच येत नाहीत. सूट लेबलावरची, कर आलेल्या पैशावरचा, आणि मामा तिघांनाही बाराशेच्या घरात कोंबत होते.

म्हणून उलटं यायचं. गिऱ्हाइकाकडून प्रत्यक्ष येणारे पैसे शंभर धरायचे. त्यात पंधरा आपले, एक सरकारचा, उरले चौऱ्याऐंशी. त्या चौऱ्याऐंशीत साडीचे बाराशे बसले पाहिजेत. बाराशे भागिले चौऱ्याऐंशी, गुणिले शंभर, साधारण चौदाशे एकोणतीस. हे हातात यायला हवेत. पण लेबलातले ऐंशीच हातात येणार, म्हणून चौदाशे एकोणतीसला ऐंशीनं भागून शंभरनं गुणायचं. सतराशे शहाऐंशी. लेबल लावलं सतराशे नव्वदचं. सूट जाऊन चौदाशे बत्तीस, कर चौदा, साडी बाराशे, हातात दोनशे अठरा. पंधरा टक्के आणि वर थोडे.

मामा लेबलाकडं बघत राहिले. बाराशेच्या साडीला जवळजवळ दीडपट लावायची, हे त्यांच्या जिवाला लागलं. "पंधराशेची साडी सतराशे नव्वद लिहून चौदाशे बत्तीसला विकायची, ह्याला सूट म्हणायचं? काय सांगुलास रे!" त्यांचं चूक नव्हतं. हिशेब फक्त इतकंच सांगतो की अमुक सूट देऊन अमुक उरवायचं तर लेबल एवढं पाहिजे. समोरच्या दुकानात तीच साडी साडेतेराशेला टांगली असेल तर भागाकारानं गिऱ्हाईक आत येत नाही. त्या दिवशी निम्म्या साड्यांना आम्ही सूटच लावली नाही, आणि रोज उठणाऱ्या स्वस्त साड्या मामांनी जुन्या सव्वापटीवरच ठेवल्या. मामेभावाचं तोंड पडलं, पण फलक रंगवून झाला होता, कन्नडसकट.

खंडेनवमीला गर्दी झाली. गडहिंग्लजच्या एक बाई सतराशे नव्वदवाल्या साडीपाशी अडल्या. सूट धरून चौदाशे बत्तीस. त्या म्हणाल्या, वरचे बत्तीस सोडा. मामांनी पाटीकडं बोट दाखवलं.

"बरं, भाव ऱ्हाऊ दे तुमचा," त्या म्हणाल्या. "फॉल-पिको फुकट करून द्या म्हणजे झालं."

फॉल-पिकोचे ऐंशी रुपये. मामांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, बहुधा सवायकी, आणि गर्दीतून माझ्याकडं वळून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "हे ऐंशी कशावर धरायचे रे? खरेदीवर की विक्रीवर?"

"आमच्यावर नगा धरू," बाई म्हणाल्या आणि साडी पिशवीत घातली.