हिट व्हिडिओनंतर निराश कसे व्हावे

समजा, तुमचा ‘कुकरमध्ये पुरण’ हा व्हिडिओ होळीच्या आदल्या दिवशी आला आणि आठवड्यात 3 लाख व्ह्यूज झाले. आता पहिले काम म्हणजे हे सगळे आपल्या हातगुणामुळेच झाले, असे ठाम मानणे. ट्रॅफिकचे स्रोत उघडू नका. बहुतेक माणसे सबस्क्रायबर नसून यूट्यूबने होमपेजवरून धाडलेली पाहुणी आहेत, हे उगाच दिसेल. डाळीला शिट्ट्या किती, हा प्रश्न त्या संध्याकाळी घरोघरी एकदमच पडला होता, हेही विसरा.

मग सरासरी काढा. त्याआधीचे 9 व्हिडिओ 3 ते 6 हजारांत खेळत होते, एकूण 40,500. त्यात हे 3 लाख मिळवून 10 ने भागा: 34,050. हाच आपला नवा दर्जा! रांगेत मधोमध उभा असलेला 4,500 चा आकडा, म्हणजे मध्यक, कोणी दाखवला तर त्याला मत्सरी म्हणा.

आता अळूवडी टाका. 7,000 व्ह्यूज येतील. यूट्यूब स्टुडिओ बिचारा सांगेल की गेल्या दहांत हा दुसरा आहे. ते न वाचता तुम्ही 34,050 शी तुलना करा आणि जेवण सोडा. नेहमीच्या दीडपट लोकांनी वड्या पाहिल्या, म्हणजे पुरणाची थोडी पुण्याई टिकली, असला विचार मनात येऊ देऊ नका. पुढचे तीन-चार व्हिडिओही 6 हजारांच्या वर राहिले तरच पाया उंचावला असे समजावे, एवढा धीर धरायला तुम्ही काय संख्याशास्त्रज्ञ आहात?

तो धीर इंग्लिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टनकडे होता. 1886 मध्ये त्याने मोजून दाखवले की फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सहसा आईबापांइतकी नाहीत. कोणी त्यांना खाली ओढत नव्हते. टोकाच्या आकड्यात गुणाबरोबर नशिबाचाही वाटा असतो. गुण पुढच्या खेपेला सोबत येतो, नशीब येईलच असे नाही. पण ‘अल्गोरिदमने मला दाबले’ हे ऐकायला किती बरे वाटते!

शेवटी ओरडायला माणूस हवा. एडिटिंग करणारा भाचा सोयीचा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलातला एक प्रशिक्षक म्हणाला होता की कौतुक केले की पुढचे उड्डाण बिघडते, झापले की सुधारते. उड्डाणे कौतुकाविना आणि झापण्याविनाही तशीच वरखाली झाली असती, हे कानेमनांना तिथेच उमगले. तुम्ही मात्र अगदी पडलेल्या व्हिडिओनंतरच भाच्याला झापा. पुढचा बहुधा बरा जाईलच, आणि मग प्रत्येक रविवारी सकाळी नऊला त्याला फोन लावायला तुम्हाला पुरावाही मिळेल.